रिपीट कल सुबह 5

सकाळी पावणेआठला मी ड्यूटीवर आले तेव्हा इनचार्ज सिस्टर बेड सातच्या पायथ्याशी फाइल उघडून उभ्या होत्या. "पहाटे पाचचं पोटॅशियम गेलं का?" त्यांनी नाइटच्या सिस्टरला विचारलं. ती बारा तास जागलेली, डोळे ओढलेले, पण उत्तर लगेच आलं. "वो तो हो गया ना, सिस्टर. 5.6 आया है." आणि तिने अगदी खात्रीने कागदावर बोट ठेवलं. कागद माझा होता, अक्षरही माझंच. आदल्या रात्री आठला मीच तो हिंदीत लिहून तिच्या हातात दिला होता. तिच्या बोटाखाली ओळ होती: "पोटैशियम कल 6.1, ट्रीटमेंट के बाद 5.6. रिपीट कल सुबह 5."

सॅम्पल गेलंच नव्हतं.

मग धावपळ. रक्त काढलं, वॉर्डबॉय मामांना हातात ट्यूब देऊन पळवलं, नऊच्या सुमारास रिपोर्ट आला, ५.४. आजी बेडवर बसून चहा कधी मिळणार म्हणून विचारत होत्या. कुणाला काही झालं नाही, कुणी कुणाला फार बोललंही नाही. इनचार्ज सिस्टर फक्त म्हणाल्या, "बाई, हे तुझंच अक्षर ना?" तेवढंच. पण ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, आणि दर वेळी मला ती बरोबरच वाटली. माझ्यासारख्या मराठी माणसाला ती बरोबरच वाटणार, खोच तिथेच होती.

आधी मूळ चिठ्ठी सांगते. दुपारच्या सिस्टरने मराठीत लिहिलं होतं: "पोटॅशियम काल ६.१, ट्रीटमेंटनंतर आज ५.६. रिपीट उद्या पहाटे ५." आपण सगळ्या असंच लिहितो. शिफ्ट संपत आलेली असते, एकीकडे ड्रिप संपल्याची हाक येत असते, दुसरीकडे नातेवाईक डिस्चार्जचं विचारत असतात. पूर्ण वाक्य कोण लिहिणार? क्रियापद हे हॅन्डओव्हरमध्ये सगळ्यांत आधी गळून पडतं. मराठीत ते गळलं तरी निभावतं, कारण काल तो काल आणि उद्या ती उद्या. शब्दातच दिशा आहे. हिंदीत मात्र दोन्हींना कल. हिंदी बोलणाऱ्यांना याची अडचण होत नाही, कारण त्यांची दिशा क्रियापदात असते. कल हुआ था, कल होगा. काळ सांगायचं काम तिथे वाक्याची शेपटी करते. मी मराठीतलं शेपूट तोडलेलं वाक्य उचललं आणि शेपटीवरच उभ्या असलेल्या भाषेत नेऊन ठेवलं. वरून घाईत "आज" हा शब्दही खाल्ला.

आता तिच्या बाजूने ती ओळ वाचा. काल ६.१ होतं. औषध दिलं. काल पहाटे पाचला रिपीट केलं, ते ५.६ आलं. सगळं जुळतं, एकही धागा लोंबत नाही. संदिग्ध वाक्य वाचणाऱ्याला संदिग्ध वाटत असतं तर तिने मला विचारलंच असतं, हुशार मुलगी आहे. पण तिला एकच अर्थ दिसला आणि मला दुसरा एकच. दोघींनाही शंका आली नाही. भाजीत मीठ राहिलं तर जिभेला कळतं; इथे दोघींच्या जिभेला चव बरोबर लागत होती.

आणि पोटॅशियमच्या बाबतीत ही पहाटेची तपासणी उगाच नव्हती. आजींना मधुमेह, किडन्या आधीच दमलेल्या. त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, किडन्या आणखी मंदावल्या आणि पोटॅशियम चढलं. ते उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं होतं. पण हे औषध पोटॅशियमला शरीराबाहेर काढत नाही, रक्तातून पेशींमध्ये ढकलतं फक्त. पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवावं तसं. काही तासांनी ते पुन्हा बाहेर येऊ शकतं. म्हणून "एकदा उतरलं" हे उत्तर नसतं, "अजून उतरलेलंच आहे का" हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. पोटॅशियम वर गेलं तर हृदयाची लय बिघडते, आणि पेशंट त्याआधी काही तक्रार करेलच असं नाही. चहा मागता मागताही होऊ शकतं.

हिंदीत लिहिण्याचं काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगायला हवं. वॉर्डात माझी हिंदी बरी समजली जाते. म्हणजे मी नातेवाइकांशी न अडखळता भांडू शकते, एवढंच. नाइटला नवीन सिस्टर आली, हिंदी भागातली, मराठी कानावर जेमतेम पडलेलं. तरी पहिले काही दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही की तिला आमच्या चिठ्ठ्या कळत नाहीत. कारण ती त्या वाचायची! घडाघडा, मोठ्याने. लिपी एकच ना. "लघवी कमी, लक्ष ठेवा" असं ती स्वच्छ वाचून दाखवायची, आम्ही मान डोलवायचो, हॅन्डओव्हर झालं. हातात मल्याळम कागद आला असता तर तिने पहिल्याच दिवशी हात वर केले असते. देवनागरीने मात्र आम्हा सगळ्यांना फसवलं. एका रात्री तिने हळूच विचारलं, "दीदी, ये लघवी क्या होता है?" आणि मग इनचार्जनी माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या आठवड्यात मी शब्दांमागे लागले. वाटलं होतं, अवघड शब्द तेवढे बदलले की काम झालं. लघवीचं पेशाब केलं, ताप बुखार केला. पण खरे दगा देतात ते दोन्हीकडे असणारे शब्द. आजींच्याच चिठ्ठीत "जुलाब ४ वेळा" होतं. जुलाब हिंदीतही आहे, म्हणून मी तसाच ठेवला. नवीन सिस्टर फाइल घेऊन माझ्याकडे आली. "दीदी, इनको जुलाब चार बार क्यों दिया?" तिच्या हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. आजींना चार वेळा रेचक दिलं असं तिला वाटलं, आणि तेही तिने मनात जुळवून घेतलं होतं: पोटॅशियम जास्त आहे, शौचावाटे काढत असतील. असं करतातही कधी कधी. म्हणजे चुकीचा अर्थ नुसता शक्य नव्हता, वैद्यकीयदृष्ट्या शहाणा होता. "पतले दस्त 4 बार हुए" असं लिहायला हवं होतं. आणि दस्त म्हटलं की मला आधी रजिस्ट्रारच्या ऑफिसातला कागद आठवतो, हे माझं दुखणं.

या भानगडीला घाबरून मी मग दुसऱ्या टोकाला गेले. वरच्या मजल्यावर ऑफिसात एकजण आहेत, त्यांची हिंदी फार शुद्ध. त्यांनी प्रेमाने एक फॉर्म करून दिला. त्यात "रक्तचाप", "मूत्र विसर्जन", "परीक्षण लंबित" असे शब्द. फॉर्म देखणा होता. नवीन सिस्टर तो वाचून म्हणाली, "ये तो बैंक का लगता है." हिंदी वॉर्डातही बीपी हा बीपीच असतो, शुगर ही शुगर, सॅम्पल, ड्रिप, कॅथेटर सगळं तेच. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी रात्री तीनला वाचायचा कागद आहे तो. शब्द ओळखायला अर्धा क्षण जास्त लागला तर डोळा पुढे सरकतो. त्या फॉर्मवर शेवटच्या रकान्याला "सुझाव" असं नाव होतं. एसबार म्हणून जी पद्धत आम्हाला शिकवतात, परिस्थिती, पूर्वपीठिका, आपला अंदाज आणि मग रेकमेंडेशन, त्यातल्या शेवटच्या शब्दाचं ते भाषांतर. शब्दकोशाप्रमाणे चूक नाही. पण सुझाव ऐकूनही सोडता येतो. पहाटे पाचला रक्त काढणं हा सुझाव नाही. मी तो रकाना खोडून "क्या करना है" लिहिलं.

कलच्या प्रकरणानंतर मला कळलं की मी शब्दांमागे लागले होते ते ठीक, पण मुख्य काम क्रियापदांचं आहे. चिठ्ठीतून गळून पडलेली सगळी क्रियापदं मला शोधून परत जोडायची होती, आणि जोडताना कळायचं की मूळ लिहिणारीच्या मनातही ती नेहमी ठरलेली नसतात.

"पेंडिंग" घ्या. आपल्या चिठ्ठ्यांमधला सगळ्यांत आळशी शब्द. मराठीत आपण "रिपोर्ट बाकी" म्हणतो, तेही तसंच. हिंदीत मी "रिपोर्ट पेंडिंग" लिहायची आणि मोकळी व्हायची. पण बाकी म्हणजे काय बाकी? डॉक्टरांनी तपासणी लिहिली पण रक्त काढलंच नाही, ही एक गोष्ट. रक्त काढलं पण ट्यूब ट्रेमध्येच पडली आहे, ही दुसरी. ट्यूब लॅबला गेली, उत्तर यायचंय, ही तिसरी. आणि उत्तर आलंय, फाइलला लावलंय, पण डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही, ही चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट, कारण कागद बघून सगळ्यांना वाटतं काम झालं. चारही "पेंडिंग". पण रात्रीच्या सिस्टरला करायची कामं चारही वेगळी. पहिलीत सुई घ्यायची, दुसरीत मामांना हाक मारायची, तिसरीत लॅबला फोन, चौथीत डॉक्टरांना. त्यातली दुसरी पोटॅशियमला विशेष नडते. रक्त ट्यूबमध्ये तासन् तास पडून राहिलं तर लाल पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट खोटाच चढा येतो. मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू. म्हणून "सैंपल लिया" आणि "सैंपल भेजा" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दोन्हींना वेळ हवी. मी आता पेंडिंग हा शब्दच लिहीत नाही. "लिखा है, लिया नहीं." "लिया 18:00, भेजा नहीं." "भेजा 18:10, रिपोर्ट नहीं आई." "रिपोर्ट आई, डॉक्टर को नहीं बताया." लिहायला चार शब्द जास्त लागतात, बस.

तसंच "इन्सुलिन बंद". आजींची साखर त्या संध्याकाळी ९२ वर आली होती, आणि किडन्या मंद असल्या की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून डॉक्टरांनी रात्रीचा डोस देऊ नका म्हणून सांगितलं. दुपारच्या सिस्टरने लिहिलं "रात्रीचं इन्सुलिन बंद". मी लिहिलं "रात का इंसुलिन बंद". आता हे बंद एका रात्रीपुरतं की कायमचं? झालेल्या गोष्टीची बातमी आहे की करायच्या गोष्टीचा आदेश? सकाळच्या डोसाचं काय? मी सुधारायला बसले तर "नहीं दिया" लिहिणार होते. पण रात्री आठला "9 बजे का इंसुलिन नहीं दिया" वाचलं तर एखादी म्हणेल, अरे, राहून गेलं वाटतं, देऊन टाकते. "नहीं दिया" ही राहिलेली गोष्टही असू शकते. "नहीं देना है" हा मज्जाव. फरक एका अक्षराएवढा, दिया आणि देना, आणि माझ्या घाईच्या अक्षरात तोही धूसर. शेवटी "आज 13 तारीख, 21:00 का डोज़ नहीं देना है" असं लिहिलं, खाली डॉक्टरांच्या आदेशाची वेळ.

तारीख का, हे त्या नाइटच्या सिस्टरनेच मला शिकवलं. मी आधी कलची दुरुस्ती म्हणून "आने वाले कल" लिहायला लागले होते, फार हुशारीने. ती हसली. म्हणाली, "दीदी, रात दो बजे पढ़ूँगी तो आने वाला कल कौन सा?" खरंच की. मी रात्री आठला लिहिते, ती मध्यरात्रीनंतर वाचते. मधे तारीख बदललेली असते. माझी उद्याची पहाट तिची आजची पहाट झालेली असते. ही अडचण मराठीतही तितकीच आहे, फक्त आपल्याला काल-उद्याचं वेगळेपण असल्यामुळे सगळं सुरक्षित वाटतं. नाइट ड्यूटीत आज, काल, उद्या हे तिन्ही शब्द मध्यरात्री जागा बदलतात. "रात्री १२ पासून उपाशी" हे आपण रोज लिहितो, पण आज रात्रीचे बारा की उद्या रात्रीचे, हे ऑपरेशनची तारीख बघून ताडायचं असतं. आणि एखादी ताडत नाही.

आकड्यांचंही असंच एक भूत निघालं. मूळ चिठ्ठ्या मराठी आकड्यांत, मी हिंदीत उतरवताना कधी हे, कधी ते. एकदा तिने पेशंटच्या ड्रिपचा वेग वाचताना "नब्बे" म्हटलं आणि मी दचकले. मी लिहिलं होतं १०. आपला एक, त्याला जरा गोल डोकं आणि खाली शेपूट, इंग्रजी 9 ची सख्खी बहीण. हातात आलेल्या कागदावर बाकीचे आकडे इंग्रजी असतील तर डोळा यालाही इंग्रजीच समजतो. आपला ४ लोकांना 8 वाटतो, तीच गोष्ट. एकाच कागदावर दोन पद्धतीचे आकडे नकोत, एवढं त्या दिवशी ठरलं, आणि मॉनिटर, सिरिंज, औषधाची बाटली सगळीकडे इंग्रजी आकडे असल्यामुळे कागदावरही तेच. मला मराठी आकडे आवडतात. हा लेख मी त्यांतच लिहितेय. पण चिठ्ठीत माझी आवड चालत नाही. औषधांची नावंही मी भाषांतरित करत नाही, हिंदी अक्षरांतही उतरवत नाही. बाटलीवर आहेत तशी, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. बाटली हातात घेऊन कागदाशी ताडायची असते, तेव्हा दोन्हीकडे एकच चित्र दिसलं पाहिजे.

यात एक गोष्ट मला सगळ्यांत अवघड गेली, आणि अजूनही जाते. मूळ चिठ्ठीत "लघवीवर लक्ष ठेवा" होतं. मी नर्स आहे, मला माहीत आहे त्याचा अर्थ काय. आजींचं वजन साठ किलोच्या आसपास, तर तासाला साधारण तीस मिली लघवी व्हायला हवी, किलोमागे अर्धा मिली हा ढोबळ हिशोब. सलग दोन तास त्यापेक्षा कमी झाली तर डॉक्टरांना फोन. हे मी "पेशाब पर ध्यान रखें"च्या जागी लिहून टाकलं असतं तर हिंदी चिठ्ठी मूळ चिठ्ठीपेक्षा चांगली झाली असती. हात शिवशिवत होता. पण मग हा आकडा कुणाचा? डॉक्टरांचा नाही, दुपारच्या सिस्टरचा नाही, माझा. उद्या काही झालं तर मराठी कागदावर एक आणि हिंदी कागदावर दुसरंच, आणि दोन्ही कागद फाइलमध्ये. भाषांतर करणारी जेव्हा गुपचूप सुधारते तेव्हा ती चूकही गुपचूपच करू शकते. म्हणून मी दुपारच्या सिस्टरला, ती पर्स खांद्याला लावून लिफ्टपाशी पोचली होती, परत बोलावलं. "लक्ष ठेवा म्हणजे किती झाली की सांगायचं?" ती वैतागली. "अगं, कळतंच की गं!" मी म्हटलं, तुला कळतं, मला कळतं, कागदाला कळत नाही. मग तिने ड्यूटी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी आकडा सांगितला, तिने तो आधी तिच्या मराठी चिठ्ठीत लिहिला, मग मी हिंदीत. तिची बस चुकली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पुढे त्याच ढंगाने बेड सातची ती रात्रीची चिठ्ठी मी पुन्हा लिहून काढली. कुणी मागितली नव्हती, पेशंट तोवर बऱ्याही झाल्या होत्या. पण डोक्यातलं कागदावर यायला हवं होतं. राहिलेले आकडे डॉक्टरांकडून विचारून घेतले. ती अशी झाली:

बेड 7. लिखने का समय: 13 तारीख, 20:00.
हालत: होश में है, ठीक से बात कर रही है। आज पतले दस्त 4 बार हुए। उलटी नहीं हुई।
हो चुका है: पोटैशियम 12 तारीख 16:00 को 6.1 था, दवा दी गई। 13 तारीख 14:00 को 5.6 आया, डॉक्टर को बता दिया।
करना है: 14 तारीख सुबह 05:00 पर पोटैशियम का सैंपल लेना है और तभी लैब भेजना है। 06:30 तक रिपोर्ट न आए तो लैब को फोन करना है। 6.0 या उससे ज़्यादा आए तो ड्यूटी डॉक्टर को तुरंत फोन करना है।
पेशाब: कैथेटर से, हर घंटे नापना है। लगातार 2 घंटे 30 मिली से कम हो तो डॉक्टर को फोन करना है।
INSULIN: 13 तारीख 21:00 का डोज़ नहीं देना है (डॉक्टर का आदेश, 19:30)। 14 तारीख सुबह का डोज़ डॉक्टर से पूछकर ही देना है।
शुगर: 22:00 और 02:00 पर जाँचनी है। 70 से कम आए तो डॉक्टर को फोन करना है।

लांबली, हो. मूळ मराठी चिठ्ठी पाच ओळींची होती. इनचार्ज म्हणाल्या, प्रत्येक पेशंटची एवढी लिहीत बसलीस तर पेशंट कधी बघणार? बरोबर आहे त्यांचं. तीस बेडच्या वॉर्डात हे सगळ्यांसाठी होत नाही. जे पेशंट स्थिर आहेत त्यांची एक ओळ पुरते. ज्यांचं काही तरी ठरलेल्या वेळेला करायचं आहे, ज्यांचा कुठला तरी आकडा अजून हलतोय, त्यांच्यासाठीच हा पसारा. बाकी वेळेला मी दोनच रकाने आखते, "हो चुका है" आणि "करना है". वाक्याची शेपटी तुटली तरी ओळ कुठल्या रकान्यात आहे त्यावरून काळ कळतो. कलला एवढं कुंपण पुरतं, असं आत्तापर्यंत तरी दिसलंय.

आणि वाचून झाल्यावर "समझ में आया?" असं मी विचारत नाही. त्याला उत्तर एकच असतं, हाँ दीदी. त्याऐवजी कागद उलटा करून विचारते, "पाँच बजे क्या करोगी? छह का रिपोर्ट आया तो? इंसुलिन?" पहिल्यांदा तिला परीक्षा दिल्यासारखं वाटलं, जरा चेहरा पडला. मग मी तिला सांगितलं की परीक्षा माझ्या हिंदीची आहे. तेव्हापासून ती मजेत उत्तरं देते, आणि कुठे अडखळली की मी पेन काढते. एकदा "देना था" वर अडखळली. मला म्हणायचं होतं द्यायचं होतं आणि दिलं. तिने वाचलं द्यायचं होतं, राहिलं. हिंदीत तिचंच बरोबर.

या सगळ्यात वर्ष गेलं. तिला आता मराठी बरंच येतं, आयाबाईंशी "मावशी, जरा इकडे या ना" म्हणत ठसक्यात बोलते. हिंदी चिठ्ठ्यांची गरज कमी झालीय. मध्यंतरी एका रात्री मी दमून गेले होते, म्हटलं आता हिला कळतं सगळं, आणि बेड बाराची चिठ्ठी सरळ मराठीतच लिहून दिली. भाषांतर नाही, आपल्या भाषेत, निर्धास्त. ती वाचत होती, मी ॲप्रन काढत होते. मग ती थांबली.

"दीदी, ये 'ड्रेसिंग परवा' लिखा है."

"हो. मग?"

"परवा मतलब जो गया, या जो आएगा?"

मी ॲप्रन अर्धवट काढलेल्या अवस्थेत तशीच उभी राहिले. मग तिच्या हातून कागद घेतला, "परवा" खोडलं आणि तारीख लिहिली.